लहरी मॉनिटर

जालन्यात घरातलं इलेक्ट्रिकचं काहीही बिघडलं, की खापर एकाच ठिकाणी फुटतं. मिलवर. ट्यूब फडफडली? मिल. फ्रिज गुरगुरला? मिल. वायफाय लटकलं? अहो, तेही मिलच! गाव आहेच तसं. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवणाऱ्या मोठमोठ्या इंडक्शन भट्ट्या, त्यातून बिलेट आणि बिलेटमधून बांधकामाच्या सळया. तुमच्या वन बीएचकेच्या स्लॅबमध्येही जालन्याची सळई असू शकते, तेव्हा नाकं मुरडू नका.

माझा मावसभाऊ पुण्यातल्या एका आयटी कंपनीत आहे. २०२० पासून त्याचं अर्धं काम पुण्यातून आणि अर्धं जालन्यातून चालतं. जालन्याच्या घरी त्याने जुना १९ इंची मॉनिटर लॅपटॉपला जोडलाय. आणि हा मॉनिटर लहरी. म्हणजे अक्षरशः लहरी! एक्सेलच्या पांढऱ्या शीटवर पाण्यासारख्या लाटा. फोन चार्जिंगला लावला की त्यात बारीक तिरप्या रेघांची भर. संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायला लागतं. पठ्ठ्या चष्म्याचा नंबर तपासून आला, तर नंबर तोच. मग नव्या मॉनिटरच्या किमती बघायला लागला आणि शेवटी सुट्टीला गेलेल्या माझ्यापाशी तक्रार. ‘ताई, हे मिलचंच आहे गं. इथे काही चालत नाही नीट.’

आता मिलची बाजू घेणारं कोणीतरी हवंच ना? तर घेऊया.

भट्ट्यांमुळे विजेच्या लाइनवर परिणाम होऊ शकतो, हे खरंय. व्होल्टेज खाली-वर होतं, विजेच्या तरंगाचा आकार बिघडतो. त्याला इंजिनिअर लोक हार्मोनिक्स म्हणतात. पण हा त्रास आला की तो सगळ्या घराला येतो, शेजारच्या घरालाही येतो. दिवे मंदावतात, पंख्याचा आवाज बदलतो. आणि मॉनिटर तर या बाबतीत चांगलाच दणकट असतो. आतला पॉवर सप्लाय भिंतीतली वीज आधी डीसी करून घेतो. बहुतेक मॉनिटरच्या मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणजे तेवढ्यात काहीही आलं तरी तो चालवून घेतो. दिवे शांत आहेत, पंखा शांत आहे आणि फोनचा चार्जर काढला की रेघा जातात, तर मग आरोपी पाच किलोमीटरवरच्या वसाहतीत कशाला शोधायचा? तो टेबलावरच आहे, बॉस.

स्क्रीनपर्यंत ही गडबड पोचायला तीनच रस्ते आहेत. हवेतून, केबलमधून आणि भिंतीतल्या सॉकेटमधून. कोणत्या रस्त्याने येतेय हे कळलं की अर्धं काम झालं, कारण प्रत्येक रस्त्याचा इलाज वेगळा.

हवेतला रस्ता ज्यांनी बघितलाय, ते आता पस्तिशीच्या पुढचे. आठवतो तो ढेरपोट्या सीआरटी मॉनिटर? सायबर कॅफेत दोन्ही बाजूंना स्पीकर आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग. त्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर चित्र काढायचा आणि चुंबक जवळ आलं की झोत वाकायचा. स्पीकरमध्ये चुंबक असतंच. म्हणून तर कॉम्प्युटरच्या स्पीकरच्या खोक्यावर ‘मॅग्नेटिकली शील्डेड’ असं ठळक छापायचे. डाग घालवायला मेनूत डीगॉस नावाचं बटण असायचं. दाबलं की ‘ठण्ण’ असा आवाज आणि चित्र क्षणभर जेलीसारखं डुलायचं. काय मजा यायची!

पण डाग वेगळा आणि थरथर वेगळी. चुंबकाने डाग पडायचा. थरथर यायची ती स्पीकरच्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरमुळे. आपल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं होतात आणि मॉनिटर बहुतेक वेळा सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो. या दोघांत जो १० चा फरक, तितक्या वेळा चित्र सेकंदाला डुलायचं. मॉनिटर ८५ वर लावला की फरक ३५ चा व्हायचा आणि डोळ्यांना तो बराच कमी जाणवायचा. यावर जालीम उपाय म्हणजे अंतर. अशा छोट्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र लांब जाताना फार झपाट्याने विरतं. अंतर दुप्पट केलं की ते साधारण आठव्या हिश्शावर येतं. म्हणून स्पीकर वीतभर सरकवला तरी जादू झाल्यासारखं वाटायचं.

आजच्या चपट्या एलसीडी पडद्यात इलेक्ट्रॉनचा झोतच नाही. त्याच्या शेजारी स्पीकरचं चुंबक ठेवा, चित्र ढिम्म हलणार नाही. म्हणून स्पीकरजवळ एलसीडी लहरायला लागला तर स्पीकरच्या चुंबकाला सोडून द्या. संशय घ्यायचा तो त्याच्या अ‍ॅडॉप्टरवर, वायरवर आणि तो कुठल्या सॉकेटमध्ये बसलाय त्यावर.

पुढचा प्रश्न असा की, बिघाड मॉनिटरमध्ये आहे की बाहेरून येतोय? यासाठी दहा सेकंदांची, फुकटातली टेस्ट आहे. मॉनिटरचं स्वतःचं मेनूचं बटण दाबा. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्टवाली ती चौकट मॉनिटर स्वतः काढतो, ती केबलमधून येत नाही. मागचं चित्र लहरतंय आणि मेनूची चौकट दगडासारखी स्थिर आहे, तर मॉनिटर ठणठणीत. गडबड केबलमधून येतेय. मेनूही सोबत लुकलुकत असेल, तर मात्र मॉनिटरचा पॉवर सप्लाय किंवा मागची लाइट बघावी लागेल. आमच्या मावसभावाच्या स्क्रीनवर मेनू एकदम शांत होता. म्हणजे नव्या मॉनिटरचे पैसे वाचले. पहिला आनंद!

आता केबलकडे. हा जुना मॉनिटर निळ्या पिनेच्या व्हीजीए केबलवर चालणारा, आणि लॅपटॉपला एचडीएमआय. मध्ये एक छोटा कन्व्हर्टर. व्हीजीएमधून चित्र अ‍ॅनालॉग रूपात जातं. लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगासाठी एक तार, आणि शून्य ते ०.७ व्होल्टमध्ये सगळी कहाणी. काळ्यापासून भगभगीत उजेडापर्यंतच्या सगळ्या छटा तेवढ्याशा जागेत बसवायच्या, म्हणजे बाहेरून काही मिलिव्होल्ट घुसले तरी ते छटा बनून दिसणारच.

म्हणून चांगली व्हीजीए केबल जाड असते. तिच्यात तिन्ही रंगांच्या तारांना प्रत्येकी स्वतःची जाळी असते आणि सगळ्यांवर मिळून पुन्हा फॉइल किंवा तांब्याची विणलेली जाळी. हेच ते शील्ड. टोकाला जो काळा गोळा दिसतो तो फेराइटचा. तो केबलवरून धावणारी हाय फ्रिक्वेन्सीची गडबड गिळतो. स्वस्तातल्या सडपातळ केबलमध्ये या सगळ्यात काटछाट केलेली असते. मावसभावाची केबल होती ती हीच, सडपातळ. वर तीन मीटर लांब, उरलेली गुंडाळून टेबलामागे कोंबलेली. आणि त्या गुंडाळीवर आरामात पहुडलेला फोनचा चार्जर.

बारीक तिरप्या रेघांचं कोडं इथे सुटलं. चार्जरच्या आत वीज प्रचंड वेगाने चालू-बंद होत असते. सेकंदाला ६५ हजार वेळा, हा अगदी सर्रास वापरला जाणारा आकडा. आणि मावसभावाचा मॉनिटर १२८० बाय १०२४ ला सेकंदाला सुमारे ६४ हजार आडव्या ओळी काढतो. दोन आकडे असे शेजारी-शेजारी आले की त्यांची टक्कर प्रत्येक ओळीत थोडी-थोडी सरकत जाते आणि तिची तिरपी रेघ दिसते. चांगल्या चार्जरमध्ये ही गडबड बाहेर पडू नये म्हणून आत फिल्टर असतो. स्टेशनबाहेरच्या स्वस्त चार्जरमध्ये पैसे वाचवायला पहिला बळी त्याचाच जातो.

मग आम्ही काय केलं? चार्जर दुसऱ्या बाजूच्या सॉकेटमध्ये नेला, दोन हात लांब. केबलची गुंडाळी सोडली. घरात पडून असलेली दीड मीटरची जाड व्हीजीए केबल लावली. ती पॉवरच्या वायरींना समांतर न ठेवता, जिथे भेट अटळ होती तिथे काटकोनात ओलांडून नेली. दोन वायरी जितका वेळ शेजारून धावतात, तितकी एकीची गडबड दुसरीत उतरते. काटकोनात ती अगदी कमी उतरते. तिरप्या रेघा गेल्या. एकदम सही!

पण लाटा? लाटा तशाच. थोड्या फिक्या झाल्या, इतकंच.

इथे बरेच जण फेराइटचे क्लिप आणून केबलभर माळ घालतात. उपयोग होत नाही. फेराइट हाय फ्रिक्वेन्सी खातो, ५० हर्ट्झच्या बाबतीत तो उपाशीच राहतो. फॉइलच्या शील्डचंही तसंच. रुंद, डुलणाऱ्या लाटा म्हणजे ५० हर्ट्झ, आणि ते येतात तिसऱ्या रस्त्याने. भिंतीतून.

याचीही टेस्ट फुकटच. लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढायचा आणि बॅटरीवर चालवायचा. मावसभावाने पिन उपटली आणि स्क्रीन एकदम शांत. शांत म्हणजे पहाटेच्या मोती तलावासारखा शांत. पिन परत लावली, लाटा हजर. ‘अगं, म्हणजे चार्जर खराब?’ त्याने विचारलं.

चार्जर खराब नव्हता. तेवढ्यात चहा घेऊन आलेली मावशी म्हणाली, ‘त्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात बाई. मी तर पुसतच नाही तो.’ मावशी, तू ग्रेट आहेस! या एका वाक्यात सगळं होतं. मी विचारलं, मुंग्या कधी येतात? तर मॉनिटरची वायर काढून ठेवलेली असते तेव्हा. म्हणजे रात्री, आवराआवर झाल्यावर, लॅपटॉप चार्जिंगला असताना. वायर जोडलेली असली की येत नाहीत.

आता फंडा नीट बघा. लॅपटॉपच्या तीन पिनांच्या चार्जरमध्ये, गडबड बाहेर जाऊ नये म्हणून, दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून अर्थपर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून अर्थपर्यंत. यातून अगदी थोडा करंट सतत अर्थच्या तिसऱ्या पिनेकडे झिरपत असतो. हे असं ठरवूनच केलेलं आहे, त्यात धोका नाही. पण सॉकेटमध्ये अर्थची तारच जोडलेली नसेल, तर या करंटने जायचं कुठे? मग लॅपटॉपची धातूची बॉडी फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मधे, सुमारे ११५ व्होल्टवर लटकते. करंट अगदी किरकोळ, एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी, म्हणून झटका नाही, नुसत्या मुंग्या. मॉनिटरची केबल जोडली की त्याच करंटला सोपी वाट मिळते. केबलच्या शील्डमधून मॉनिटरमध्ये आणि मॉनिटरच्या सॉकेटमधल्या चांगल्या अर्थमध्ये. मावशीच्या मुंग्या थांबतात आणि स्क्रीनवर लाटा सुरू होतात. करंट तोच, रस्ता फक्त बदलला. आणि शील्डमधून करंट वाहायला लागला की ते ०.७ व्होल्ट मोजायचे ज्याच्या आधाराने, तो आधारच डुलायला लागतो.

खात्री करायला वायरमन काकांना बोलावलं. काकांनी मल्टिमीटर काढला. मॉनिटरचा बोर्ड आधी. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट. पास! मग खिडकीजवळचा बोर्ड, जिथे लॅपटॉप लागतो. फेज आणि न्यूट्रल ठीक. फेज आणि अर्थमध्ये कधी ४०, कधी ७०, आकडा स्थिरच होईना. मीटरमध्ये असा भटकणारा आकडा दिसला की समजायचं, ती पिन कशालाच जोडलेली नाही. बोर्ड उघडला तर खरंच, हिरवी तार आत गुंडाळून ठेवलेली. बोर्ड बदलताना कोणीतरी जोडायची राहून गेली होती.

काकांनी तार जोडली. चार मिनिटांचं काम. मुंग्या बंद, लाटा जवळजवळ बंद. जी उरलीसुरली थरथर होती ती लॅपटॉप आणि मॉनिटर, दोन्ही एकाच बोर्डवर घेतल्यावर गेली. वेगवेगळ्या बोर्डांच्या अर्थमध्येही थोडा फरक असतो, आणि तो फरक भरून काढायला करंट पुन्हा तुमच्या केबलमधूनच जातो. याला ग्राउंड लूप म्हणतात. दोघांना एका बोर्डवर आणलं की लूपला फिरायला जागाच उरत नाही.

काकांनी जाता जाता विचारलं, ‘अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकता का उन्हाळ्यात?’ मराठवाड्यातला हा खास प्रश्न. माती कोरडी पडली की अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात. पाणी जरूर ओता, ते तुमच्या जिवासाठी आहे. पण मॉनिटरच्या लाटांवर त्याचा बहुधा फरक पडणार नाही. स्क्रीनला खड्ड्यातल्या ओलाव्याशी देणंघेणं नाही. दोन्ही यंत्रं एकाच अर्थच्या तारेला लटकली आहेत की नाही, एवढंच तिला हवं असतं.

एक शॉर्टकट तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. चार्जरची जाड तिसरी पिन काढून टाका किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावा, लूप तुटतो आणि लाटा जातात. कधीकधी खरंच जातात. पण आत एखादी फेजची तार सुटून बॉडीला टेकली, तर करंटला जायला तुमच्या हाताशिवाय रस्ता उरत नाही. तेव्हा हे अजिबात नको.

‘आमच्याकडे सगळं एचडीएमआय आहे बुवा,’ असं म्हणून पान उलटू नका. डिजिटल केबलमध्ये लाटा येत नाहीत, कारण तिथे छटांऐवजी शून्य आणि एक जातात. गडबड थोडी असेल तर चित्र परफेक्ट राहतं. जास्त झाली की पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके चमकतात किंवा स्क्रीन दोन सेकंद काळी होऊन परत येते. ऑफिसच्या गॅसलिफ्ट खुर्चीवरून उठताना मॉनिटर काळा होतो, हा कित्येक जणांचा अनुभव आहे. उठताना खुर्चीत साठलेली स्थिर वीज सुटते आणि तिचा झटका केबल पकडते. भुताटकी नाही. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत हे जास्त होतं. इथेही औषध तेच: आखूड, चांगल्या शील्डची केबल आणि ती खुर्चीपासून, पॉवरच्या वायरींपासून लांब. मात्र तुमच्या लॅपटॉपला मुंग्या येत असतील, तर एचडीएमआयवर चित्र कितीही झकास दिसो, अर्थ तपासाच. डिजिटल केबल तो दोष फक्त झाकते.

आणि आता मूळ मुद्दा. खिडकीजवळच्या त्या बोर्डवर वर्षभर लॅपटॉप लागतो, पण एप्रिल आला की मावशी तिथे काय लावते माहितीये? कूलर. पत्र्याचा, खाली पाण्याने भरलेला, आत पंप असलेला. जालन्याच्या उन्हात त्याच्याशिवाय दुपार निघत नाही. दर उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातून कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या येतात. पंपाची किंवा मोटरची तार सोलवटून पत्र्याला लागली आणि अर्थ जोडलेला नसला, तर ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाणी ओतणाऱ्या माणसातून करंट जातो. लॅपटॉपच्या झिरपत्या करंटला कपॅसिटरचा लगाम असतो. कूलरमधल्या उघड्या फेजला कसलाच नसतो.

वायरमन काकांना आम्ही मग सोडलंच नाही. घरातले बाकीचे सगळे बोर्ड तपासून घेतले. आणखी एका ठिकाणी, बाथरूमबाहेरच्या गीझरच्या बोर्डात, अर्थचा स्क्रू सैल निघाला. मेन बोर्डला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचंही ठरलं. करंट गळायला लागला की तो सेकंदाच्याही छोट्या हिश्शात लाइन तोडतो.

मावसभाऊ आता लाटांविना एक्सेल भरतो. मिलवर मात्र त्याचा अजूनही राग आहे, परवा म्हणे इंटरनेट स्लो होतं! मावशी लॅपटॉप पुसायला लागली आहे. आणि तुम्ही? आज घरी गेलात की चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवून बघा. खरखरीत, मुंग्यांसारखं लागलं, तर उद्याच वायरमनला फोन करा. लॅपटॉपचा बोर्ड आधी दाखवा आणि त्यालाच सांगा की कूलरचा, गीझरचा, वॉशिंग मशीनचाही बघून जा.